पिकलेलं आणि वाळलेलं

वादळी वाऱ्यात आमच्या अंगणातल्या बदामाची एक फांदी मोडली. खोडापासून पार सुटली, पण खाली न पडता दोन फांद्यांच्या बेचक्यात अडकून राहिली. उंचावर होती, त्यामुळे ती कुणी काढलीही नाही. चार-पाच दिवसांत तिची पानं माना टाकून लोंबू लागली, मग त्यांचा हिरवा रंग मळकट झाला, कडा वळल्या आणि शेवटी ती जुन्या कागदासारखी तपकिरी, कडकडीत झाली.

काही आठवड्यांनी उरलेल्या झाडाची पानगळ सुरू झाली. बदामाची पानगळ पाहणं हा माझा दरवर्षीचा आनंद आहे. आधी एखाद-दुसरं पान पिवळं पडतं, मग तांबूस छटा चढते, आणि बघता बघता निम्मं झाड लालभडक होतं. पंधरा दिवसांत झाड उघडं झालं, एकूण एक पान खाली आलं. राहिली ती फक्त मोडक्या फांदीवरची पानं. सगळ्यांच्या आधी मेलेली ती पानं अजून तिथेच घट्ट होती. वारा आला की खडखडायची, पण सुटत नव्हती.

मेलेलं पान गळतं, असं आपण गृहीत धरून चालतो. इथे डोळ्यांसमोर उलटं घडत होतं. जी पानं जिवंत झाडावर होती ती गळली आणि जी मेली ती चिकटून राहिली. मराठीला हा फरक फार पूर्वीपासून ठाऊक असावा, कारण आपण या दोन पानांना एकच शब्द वापरत नाही. मोडक्या फांदीवरचं पान वाळलेलं आणि अंगणात पडलेलं पान पिकलेलं. फळ पिकतं तसं पान पिकतं. पिकणं ही आतून घडणारी गोष्ट आहे, तिला वेळ लागतो आणि ती घडायला पान जिवंत असावं लागतं.

मी वनस्पतिशास्त्र शिकले तेव्हा पानगळ हा धडा आम्ही दोन तासांत संपवला होता. हरितद्रव्य नष्ट होतं, आत दडलेले रंग दिसू लागतात, देठाशी एक थर तयार होतो आणि पान गळतं. यात चूक काही नाही. पण हरितद्रव्य ‘नष्ट होतं’ या दोन शब्दांत जे झाकलं जातं, ते मला पुढे प्रयोगशाळेत काम करताना कळलं, आणि तेव्हापासून पिवळ्या पानाकडे माझं पाहणंच बदललं. कारण हरितद्रव्य आपोआप नष्ट होत नाही. ते काळजीपूर्वक, पायरीपायरीने, खर्च करून मोडलं जातं. आणि तेही त्याच्यातून काही मिळवण्यासाठी नव्हे.

मग झाडाला हवं असतं तरी काय?

त्याला प्रामुख्याने हवं असतं नत्र. हवेत नत्राचा साठा अमाप असला तरी झाडाला तो थेट घेता येत नाही. मुळांना मातीतून थोडं थोडं नत्र वेचावं लागतं, आणि बहुतेक झाडांची वाढ याच टंचाईने अडते. त्या कष्टाने मिळवलेल्या नत्राचा मोठा हिस्सा पानांत जातो. पानातल्या एकूण नत्रापैकी सुमारे तीन-चतुर्थांश हरितकणांत असतं, कारण प्रकाशसंश्लेषणाची सगळी यंत्रसामग्री प्रथिनांची आहे. त्यात रुबिस्को नावाचं एकच एन्झाइम इतकं मुबलक असतं की अनेक वनस्पतींच्या पानांतल्या विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी जवळजवळ निम्मं तेच असतं. पान फेकायचं म्हणजे ही सगळी गुंतवणूक फेकायची. म्हणून झाड पान टाकण्याआधी ते रिकामं करतं. प्रथिनं तोडून अमिनो आम्लं बनवतं, ती शिरांमधल्या रसवाहिन्यांतून फांदीत आणि खोडाच्या सालीत ओढून घेतं.

आकडे हाताशी असले की चित्र स्पष्ट होतं. एक ग्रॅम कोरड्या वजनाचं पान घेऊ. त्यात दोन टक्के, म्हणजे २० मिलिग्रॅम नत्र आहे असं धरू. हा पानझडी झाडांच्या पानांसाठी अगदी सर्वसाधारण आकडा आहे. त्याच पानात समजा ८ मिलिग्रॅम हरितद्रव्य आहे. हरितद्रव्याच्या रेणूत मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो आणि त्याला चारी बाजूंनी धरून नत्राचे चार अणू. रेणू मोठा असल्यामुळे त्याच्या वजनात नत्राचा वाटा सहा टक्क्यांच्या थोडासा वर येतो. म्हणजे ८ मिलिग्रॅम हरितद्रव्यात नत्र किती, तर अर्धा मिलिग्रॅम. पानातल्या २० मिलिग्रॅमपैकी अर्धा. झाडाची नजर उरलेल्या साडेएकोणीसवर असते.

मग हरितद्रव्याला हात लावायचाच कशाला? ते तसंच हिरवं सोडून द्यावं आणि प्रथिनं तेवढी काढून घ्यावीत. याचं उत्तर हरितद्रव्याच्या स्वभावात आहे. प्रकाश शोषणं हेच त्याचं काम. प्रकाशसंश्लेषण चालू असताना ते प्रथिनांच्या चौकटीत घट्ट बसवलेलं असतं, आणि शोषलेली ऊर्जा लगेच पुढे सोपवली जाते. पण ती चौकट मोडली आणि हरितद्रव्य मोकळं सुटलं, तरी ऊन काही थांबत नाही. रेणू ऊर्जा शोषतच राहतो आणि पुढे सोपवायला कुणी नसल्यामुळे ती शेजारच्या ऑक्सिजनला देतो. त्यातून ऑक्सिजनचं जे उत्तेजित रूप तयार होतं ते पेशीतली पटलं, प्रथिनं, जे सापडेल ते जाळत सुटतं. पेशी मेली की उपसा बंद. म्हणून आधी हरितद्रव्याची धार काढायची, मगच प्रथिनं उचलायची. शिवाय ज्या प्रथिनांत ते बसलेलं असतं, ती ते हलवल्याशिवाय नीट मोडतही नाहीत. घर उतरवताना आधी विजेच्या तारा काढतात, तसं हे काम आहे.

आता ते मोडतात कसं ते पाहू. पानात हरितद्रव्याचे दोन प्रकार असतात, अ आणि ब. आधी ब प्रकाराचं रूपांतर अ मध्ये केलं जातं, कारण पुढची यंत्रणा फक्त अ ओळखते. मग मधला मॅग्नेशियमचा अणू काढला जातो. त्यानंतर रेणूची लांब शेपटी कापली जाते. इथपर्यंत रेणू रंगीत असतो आणि घातकही, कारण नत्राच्या चार अणूंना गुंफणारं मोठं कडं अजून शाबूत आहे. पुढची पायरी निर्णायक. एक एन्झाइम ऑक्सिजन वापरून ते कडं एका जागी फोडतं. बांगडी फुटावी तसं गोल कडं उघडतं आणि रेणू सरळ लांबट होतो. पाठोपाठ दुसरं एन्झाइम त्यातला उरलासुरला रंग घालवतं. जे मिळतं ते दिसायला रंगहीन, पण अतिनील दिव्याखाली निळसर चमकतं. मग ते पेशीच्या मधोमध असलेल्या आम्लधर्मी पाण्याच्या पिशवीत, रिक्तिकेत, ढकललं जातं, आणि तिथे ती चमकही विझते.

आणि तिथेच ते राहतं. पान गळून मातीत पडतं तेव्हा त्या रंगहीन रेणूंत नत्राचे चारही अणू जिथल्या तिथे असतात. झाड ते परत घेत नाही. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला दोनदा तपासून पाहावंसं वाटलं. एका रेणूमागे इतक्या एन्झाइमांची फौज लावायची आणि त्यातलं नत्र सोडून द्यायचं! पण हिशेब मघाशी केलाच आहे. अर्ध्या मिलिग्रॅमवर पाणी सोडून उरलेलं सुखरूप काढायचं, असा हा सौदा आहे.

हे सगळं इतक्या उशिरा उलगडण्याचं कारणही त्या रंगहीनतेत आहे. हिरवं पान पिवळं होताना जगातून दरवर्षी अफाट हरितद्रव्य नाहीसं होतं, ते कुठे जातं हे शास्त्रज्ञांना फार काळ सापडलंच नाही. रंगीत द्रव्याचे तुकडे रंगीत असतील अशा अपेक्षेने शोध चालला होता. १९९१ मध्ये बार्लीच्या पानांतून अशा एका रंगहीन अंतिम पदार्थाची रचना निश्चित झाली आणि धागा हाती आला.

ही साखळी मध्येच तुटली तर काय होतं, ते दोन ठिकाणी फार स्पष्ट दिसतं. मक्याचा एक उत्परिवर्तित वाण आहे, त्यात कडं फोडणारं एन्झाइमच काम करत नाही. त्याच्या पानांवर मेलेल्या पेशींचे डाग पडतात आणि पसरत जातात. मात्र त्यासाठी प्रकाश लागतो. पानाचा जो भाग सावलीत ठेवाल तो वाचतो. हरितद्रव्य अर्धवट मोडून उघड्यावर ठेवलं तर काय होतं, याचा इतका सरळ पुरावा दुसरा नसेल.

दुसरं उदाहरण आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलं आहे. मेंडेलच्या वाटाण्यांत पिवळे दाणे आणि हिरवे दाणे अशी एक जोडी होती. १८६६ मध्ये त्याचा निबंध छापून आला. त्या जोडीमागचा जनुक नेमका कोणता, हे २००७ मध्ये कळलं. तो हरितद्रव्य मोडण्याचाच जनुक निघाला. आणि २०१६ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की त्या जनुकापासून बनणारं प्रथिन मॅग्नेशियमचा अणू काढून घेण्याचं काम करतं. म्हणजे मेंडेलचा हिरवा दाणा हा ‘हिरवा रंग असलेला’ दाणा नव्हता. तो हिरवा रंग काढता न आलेला दाणा होता. पिवळा दाणा पिकत होता आणि हिरवा पिकू शकत नव्हता. परीक्षेत तीनास एक हे प्रमाण लिहिताना आम्हाला कुणी हे सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

आता रंगांकडे. पिवळ्याचं उत्तर सोपं आहे. पिवळा रंग कॅरोटिनॉइड गटातल्या द्रव्यांचा, आणि ती हिरव्या पानातही असतात. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खडूच्या भुकटीने भरलेल्या काचनळीतून हिरव्या पानांचा अर्क ओतला, तेव्हा नळीत हिरव्याबरोबर पिवळे पट्टेही वेगळे झाले. आम्ही हाच प्रयोग गाळणकागदावर केला होता. गर्द हिरव्या अर्काचा एक ठिपका, आणि अर्ध्या तासाने कागदाच्या वरच्या टोकाला केशरी-पिवळी रेघ. कॅरोटिनॉइड पानात शोभेला नसतात. प्रकाश जास्त झाला की जादा ऊर्जा शोषून ती निरुपद्रवी उष्णता करून टाकणं हे त्यांचं एक मुख्य काम. हरितद्रव्य मोडलं जात असताना तर हा बंदोबस्त अधिकच लागतो, म्हणून ती मागे राहतात. हरितकण आकसत जातो तशी त्यातल्या तेलकट थेंबांत साठतात. तीही हळूहळू कमी होत असतात, पण हरितद्रव्यापेक्षा कितीतरी सावकाश.

आणि त्यांच्या मागे राहण्याला आणखी एक कारण असावं असं मला वाटतं. बीटा कॅरोटिनचं सूत्र C₄₀H₅₆. कार्बन आणि हायड्रोजन, बस. ल्युटीनमध्ये त्यात दोन ऑक्सिजन. नत्राचा एकही अणू नाही. कार्बन झाडाला हवेतून हवा तेवढा मिळतो, तो सोडून द्यायला जड जात नाही. आपण ज्या पिवळ्या रंगावर भाळतो तो बऱ्याच अंशी झाडाने परत न्यायच्या यादीत न धरलेला माल आहे.

लाल रंगाची गोष्ट वेगळी, आणि खरं सांगायचं तर मला जास्त ओढ त्याचीच आहे. लाल रंग अँथोसायनिनचा. हिरव्या पानात तो दडलेला नसतो, तो नव्याने तयार केला जातो. काही दिवसांत गळणारं पान, ज्यातून सगळं उपसणं चाललंय, त्यातच बसून झाड साखर खर्च करून एक नवं द्रव्य बनवतं आणि रिक्तिकेत भरतं. यातही नत्र नाही, म्हणजे हा खर्च स्वस्तातल्या मालाचा आहे हे खरं. तरी खर्च तो खर्चच.

साखर आणि ऊन ही या रंगाची दोन मुळं. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा असला की पानात साखर बनत राहते, पण गारव्यामुळे ती बाहेर सावकाश जाते. साचलेली साखर अँथोसायनिनच्या निर्मितीला चालना देते. फांदीभोवती तार घट्ट आवळली गेली, सालीतल्या रसवाहिन्या चेपल्या, की त्या फांदीची पानं इतरांच्या आधी लाल होऊ शकतात, त्याचं कारणही हेच. झाडावर एकच फांदी अवेळी लाल दिसली तर तिचं बूड तपासावं. उन्हाचा भाग तर घरच्या घरी दिसतो. आमच्या बदामाची लाल पानं मी उचलून पाहते, तेव्हा कधी कधी एखाद्या पानावर दुसऱ्या पानाची आकृती पिवळी उमटलेली सापडते. वरच्या पानाची सावली जिथे कायम पडत होती तिथे लाल रंग चढलाच नाही. कडा इतक्या रेखीव असतात की ते वरचं पान कोणत्या कोनात होतं तेही सांगता यावं.

सावलीत लागत नाही आणि उन्हात लागतो, या निरीक्षणातच लाल रंगाच्या कामाचा सुगावा आहे. हरितद्रव्य मोडलं जात असताना पान उन्हाला सर्वांत हळवं झालेलं असतं, आणि लाल द्रव्य वरच्या थरांत पडद्यासारखं उभं राहून हिरवा-निळा प्रकाश अडवतं. पडद्याआड प्रथिनं काढण्याचं काम चालू राहतं. २००३ मध्ये विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी हे नेटकेपणाने तपासलं. त्यांनी तीन झुडपं घेतली, आणि प्रत्येकाचा लाल रंग बनवू न शकणारा वाणही घेतला. कडक प्रकाश आणि थंडी यांच्या ताणाखाली लाल रंग नसलेल्या वाणांना नत्र परत घेणं कमी जमलं. दुसरंही एक मत आहे. लाल रंग हा मावा किड्यांना दिलेला इशारा आहे, ‘हे झाड जोमदार आहे, इथे अंडी घालू नका’, असं ते मत. विल्यम हॅमिल्टन या थोर जीवशास्त्रज्ञाच्या नावाचा त्यावरचा निबंध २००१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. मावा पिवळ्याकडे अधिक ओढला जातो आणि लालकडे कमी, हे खरं आहे. पण सावलीतल्या त्या पिवळ्या आकृत्या पाहिल्यापासून माझा कौल पडद्याच्या बाजूने आहे. इशारा द्यायचा असता तर तो पानापानाच्या सावलीनुसार का बदलला असता? अर्थात असंख्य झाडं लाल न होताच पिवळी होऊन नत्र परत नेतात, त्यामुळे हा पडदा सर्वांना अपरिहार्य नाही हेही मान्य करायला हवं.

या सगळ्या घडामोडींचं वेळापत्रक एका झाडावर बसवून दाखवणारा एक अभ्यास मला फार प्रिय आहे. स्वीडनच्या उत्तरेला उमेओ इथल्या विद्यापीठाच्या आवारात ॲस्पेनचं एक मोकळं वाढलेलं झाड आहे. २००३ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी पूर्ण मोसमभर त्या एकाच झाडाची पानं तपासली. ११ सप्टेंबरला पिकण्याची सुरुवात झाली. ती थंडीने झाली नव्हती. दिवसाची लांबी एका ठरावीक मर्यादेखाली आली, एवढंच निमित्त. त्याआधी कडक ऊन आणि गारवा एकत्र आले तरी पानं लाल झाली नव्हती. त्या तारखेनंतर मात्र तसे दिवस आले की अँथोसायनिन साचू लागलं. म्हणजे पडदा उभारण्याची गरज काम सुरू झाल्यावरच पडली. आणि २९ सप्टेंबरपर्यंत, अवघ्या अठरा दिवसांत, पानांतलं ८० टक्के नत्र आणि ८० टक्के स्फुरद झाडाने परत नेलं होतं.

त्या अठरा दिवसांत पेशीच्या आत काय चाललं असेल याची कल्पना करून पाहावी. ज्या हरितकणांनी आयुष्यभर ऊर्जा पुरवली तेच मोडले जात आहेत. मग मोडण्याच्या कामाला ऊर्जा कुठून? ती तंतुकणिका देतात. हरितकण रिकामे होत असताना तंतुकणिका आणि केंद्रक शाबूत ठेवले जातात, जवळजवळ शेवटपर्यंत. शिरांच्या लगतच्या पेशीही शेवटपर्यंत जपल्या जातात, कारण सगळा माल त्यांच्यावरूनच बाहेर जायचा असतो. म्हणून अर्धवट पिकलेल्या पानात कडा पिवळ्या आणि शिरांलगत हिरवी नक्षी दिसते. बाजूच्या खोल्या रिकाम्या झाल्या, जिन्यातला दिवा चालू आहे.

८० टक्के हा उत्तम आकडा झाला. जगभरच्या झाडांची सरासरी काढली तर नत्राची परतफेड निम्म्यापासून साठेक टक्क्यांपर्यंत येते. कॅल्शियम जवळजवळ परत येत नाही, कारण रसवाहिन्यांतून त्याला वाहता येत नाही. आणि आल्डरसारखी काही झाडं तर हिरवी पानंच टाकून देतात. आल्डरच्या मुळांवरच्या गाठींत फ्रँकिया नावाचे जिवाणू हवेतलं नत्र बांधून देतात. ज्याच्या घरी नत्राची टंचाई नाही तो पान पिळून काढण्याची खटपट करत नाही. पिकण्यामागचं कारण नत्र आहे, याचा मला हा सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

ही परतफेड मोजायची कशी, यात मी स्वतः चांगलीच फसले होते. हिरवी पानं घ्यायची, गळलेली पानं घ्यायची, दोन्हींतलं प्रमाण काढायचं, वजाबाकी करायची, इतकं सोपं वाटलं होतं. मघाचंच पान घेऊ. एक ग्रॅम, २० मिलिग्रॅम नत्र, म्हणजे दोन टक्के. झाडाने त्यातले १६ मिलिग्रॅम परत नेले, उरले ४. खरी परतफेड ८० टक्के. पण या काळात साखर, प्रथिनं गेल्यामुळे पानाचं वजनही घटलेलं असतं. पानझडी झाडांत ही घट साधारण पाचव्या भागाहून थोडी जास्त असते. म्हणजे पान आता ०.७८ ग्रॅम. त्यात ४ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ०.५१ टक्के. दोनवरून ०.५१ वर आलं म्हणून मी लिहिलं परतफेड ७४ टक्के. सहा टक्के चूक, फक्त भागाकार चुकीच्या वजनाने केल्यामुळे. उपाय म्हणजे आधीच खुणा केलेल्या पानांचं क्षेत्रफळ धरून हिशेब करायचा, नाहीतर जागचं न हलणाऱ्या कॅल्शियमच्या तुलनेत.

दुसरी चूक त्याहून लाजिरवाणी होती. माझ्या तक्त्यात पालाशची परतफेड अविश्वसनीय आली होती. मी खुशीत सरांना दाखवायला घेऊन गेले. त्यांनी आकड्याकडे पाहिलं आणि विचारलं, “पानं कुठून उचललीस?”

“जमिनीवरून, सर. झाडाखालून.”

“आणि त्या आठवड्यात पाऊस पडला होता का?”

पडला होता. पालाश पेशीत मोकळं असतं, पावसाच्या पाण्याने ते सहज धुऊन निघतं. झाडाने परत नेलेलं आणि पावसाने मातीत नेलेलं, दोन्ही मी झाडाच्या खात्यावर मांडलं होतं. तेव्हापासून मी फांदी हलकेच हलवते आणि हातात सुटून येतील तीच पानं घेते.

हातात सुटून येणं, हा शेवटचा भाग. देठाच्या बुडाशी लहान लहान पेशींचा एक आडवा थर आधीपासूनच तयार असतो. पानाचं पातं सशक्त असतं तोवर तिथून ऑक्झिन हे संप्रेरक देठातून सतत वाहत असतं, आणि त्यामुळे त्या थराला इथिलीन वायूचा परिणाम जाणवत नाही. पान पिकलं की ऑक्झिनचा ओघ आटतो, थर इथिलीनला प्रतिसाद देऊ लागतो. त्या पेशी स्वतः एन्झाइम बनवून आपल्यामधलं पेक्टिनचं सांधणं विरघळवतात. शेवटी पान काही जलवाहिन्यांच्या आधाराने लोंबत राहतं आणि झुळूक आली की सुटतं. फांदीच्या बाजूला उरलेली जखम बुचासारख्या थराने बंद झालेली असते. हे सगळं जिवंत पेशींनी केलेलं काम आहे. मोडक्या फांदीवर त्या पेशी हे काम उरकण्याआधीच पाण्यावाचून मेल्या.

परतलेलं नत्र तोवर फांदीच्या सालीत पोहोचलेलं असतं. पॉप्लरच्या कुळात त्यासाठी खास साठवणीचं प्रथिन असतं, सालीतल्या पेशींत ते पानगळीच्या सुमारास भरलं जातं आणि नवी पालवी फुटताना रिकामं होतं.

बदाम उघडा झाल्यावर एकदा शिडी लावून मी वर चढले. जिवंत फांद्यांवर जिथे जिथे पान होतं तिथे गुळगुळीत वण होता, आणि भिंगातून पाहिलं तर प्रत्येक वणात बारीक ठिपके दिसत होते. शिरा जिथून जायच्या त्या जागा, आता बंद. प्रत्येक वणाच्या वर एक कळी घट्ट मिटून बसली होती. मग मी बेचक्यातल्या मोडक्या फांदीवरचं एक पान धरून ओढलं. सुटेना. जोर लावला तेव्हा ते देठाशी न तुटता सालीची एक लांब चीर सोबत घेऊन आलं, आणि खाली कोरडं पांढरं लाकूड उघडं पडलं.